गॅरंटीतलं पेस्ट कंट्रोल फसलं, कंपनी दाद देत नाही: तक्रारीचं पत्र कसं लिहायचं

समस्या नेहमीची आहे. स्वयंपाकघरातल्या झुरळांसाठी जेल लावून घेतलं, पावतीवर सहा महिन्यांची लेखी गॅरंटी आहे. सुरुवातीचे काही आठवडे बरे जातात. मग एखाद्या रात्री दिवा लावावा तर सिंकखालून बारीक काळी पिल्लं सैरावैरा पळताना दिसतात. फोन केला की कुणीतरी येतं, दहा मिनिटं फवारतं, सही घेऊन निघून जातं आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. शेवटी वैतागून ‘तुमचं काम बोगस आहे, पैसे परत करा’ असा मेल जातो आणि त्याला गोड शब्दांत नकार येतो.

मी या धंद्यात बरीच वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसलो आहे. असा मेल नाकारणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे. त्यात राग असतो, पण तारीख, जागा आणि गॅरंटीतलं वाक्य यांचा पत्ता नसतो. कंपनीकडे ठरलेली तीन उत्तरं तयार असतात: अंडी राहिली होती, ती आता फुटली; शेजारून येताहेत; तुम्ही मध्येच स्वतः स्प्रे मारला किंवा स्वच्छता ठेवली नाही. ही तीन उत्तरं द्यायला जागाच उरणार नाही असं पत्र लिहिलं, तर फुकट फेरकाम बहुतेक वेळा मिळतं. त्यासाठी आधी या कीटकाबद्दल थोडं माहीत हवं.

घरात जेल लावतात ते प्रामुख्याने लहान झुरळासाठी, ज्याला जर्मन झुरळ म्हणतात. पूर्ण वाढलेलं झुरळ साधारण दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद समांतर पट्टे. हे पट्टे आधी तपासा. तुम्हाला दिसणारी झुरळं बोटाच्या दोन पेरांएवढी, लालसर आणि न्हाणीघराच्या जाळीतून वर येणारी असतील, तर ती वेगळी जात आहे. ती गटारात आणि चेंबरमध्ये वाढते, ओट्याखाली लावलेल्या जेलचा तिच्याशी फारसा संबंध येत नाही. गॅरंटीत नुसतं ‘झुरळे’ लिहिलं असेल तर दोन्ही जाती त्यात येतात आणि तसं म्हणता येतं. पण तेव्हा मागणी चेंबर आणि जाळ्यांच्या उपचाराची करा. चुकीच्या जातीसाठी जेलला दोष दिला की सगळं पत्रच लटकं पडतं.

जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरवते. एका डबीत साधारण तीस ते चाळीस अंडी असतात. डबी तयार झाल्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत घरातल्या उबेत सुमारे चार आठवडे लागतात आणि मादी ती अगदी शेवटच्या एकदोन दिवसांत खाली टाकते. डबीचं कवच असं असतं की औषध आतल्या अंड्यांपर्यंत पोचत नाही. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू तीन मिलिमीटरच्या आसपास, जवळजवळ काळं आणि बिनपंखांचं. त्याला पूर्ण वाढायला साधारण दोन महिने लागतात, थंडीत जास्त.

म्हणून कामानंतर पहिल्या महिन्यात पिल्लं दिसली तर ते अपयश मानू नका. ‘अंडी राहिली होती’ हे उत्तर तेव्हा खरं असतं. जेल ताजं असेल तर ती पिल्लंही मरतात, कारण ती जेल खाऊन मेलेल्या मोठ्या झुरळांची विष्ठा आणि कलेवरं खातात आणि विष त्यांच्यापर्यंत पोचतं. तक्रार करायची ती त्या महिन्यानंतर.

आता एक उदाहरण घेऊ. समजा काम १ मार्चला झालं आणि गॅरंटी ३१ ऑगस्टपर्यंत आहे. मार्चमध्ये मेलेली झुरळं झाडून टाकावी लागत होती, पुढे शांतता. एप्रिलच्या मध्यात सिंकखाली पिल्लं दिसली. फोनवरच्या तक्रारीनंतर २५ एप्रिलला टेक्निशियन आला आणि ओट्याखाली, ट्रॉल्यांमध्ये सरसकट फवारून गेला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पिल्लं पुन्हा आली. २४ मेच्या रात्री चिकट सापळे लावले, २७ मेच्या सकाळी उचलले. सिंकखालच्या सापळ्यात १९ झुरळं: १५ पिल्लं, त्यातली बरीचशी तीन मिलिमीटरची, आणि ४ मोठी, पैकी एका मादीला अंड्यांची डबी. फ्रिजच्या मागच्या सापळ्यात ७ झुरळं, सगळी पिल्लं. बाहेरच्या दारापाशी लावलेला सापळा रिकामा.

इथे हिशेब साधा आहे. १ मार्चला एखाद्या मादीकडे अगदी ताजी डबी होती असं धरलं, तरी ती मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला फुटली असणार. ती पिल्लं मेअखेर जवळपास मोठी झालेली हवीत. तीन मिलिमीटरचं पिल्लू २७ मेला सापडतं, याचा अर्थ ते काही दिवसांपूर्वीच बाहेर पडलं. म्हणजे त्याच्या आईने डबी एप्रिलच्या शेवटी तयार केली. कामाला सात-आठ आठवडे उलटल्यावर, पहिल्या फेरभेटीच्या आसपास, घरात मादी जिवंत होती आणि वीण चालू होती. ‘अंडी राहिली होती’ हे उत्तर या तारखांपुढे टिकत नाही. डबी घेऊन फिरणारी मादी सापडली असेल तर तेच तुमचं सगळ्यात वजनदार छायाचित्र. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो.

सापळे लावणंही नीट व्हायला हवं. औषधांच्या किंवा घरगुती सामानाच्या दुकानात पुठ्ठ्याचे, सपाट चिकट सापळे मिळतात. ते भिंतीला चिकटून ठेवायचे, मोकळ्या जागेत नाही, कारण झुरळ कडेकडेने चालतं. सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, गॅसमागे आणि एक बाहेरच्या दाराशी पुरेसा होतो. प्रत्येकावर मार्करने जागा आणि लावल्याची तारीख लिहा. मग जागा आणि तारीख दिसेल असा फोटो. दाराशी लावलेला सापळा लोक विसरतात, पण ‘शेजारून येताहेत’ या उत्तराला तोच तोंड देतो. बाहेरून लोंढा येत असता तर दाराशी किंवा पाइपच्या भोकाशी मोठी झुरळं अडकली असती. पिल्लांचा ढीग सिंकखाली आणि बाकी रिकामं, हे चित्र घरातल्या घरात वीण चालू असल्याचं आहे. उलट चित्र दिसलं, म्हणजे पाइपच्या डक्टजवळच्या सापळ्यातच गर्दी असेल, तर कंपनीचं म्हणणं बरोबर असू शकतं. तेव्हा पत्रात डक्टची भोकं बुजवणं आणि तिथे जेल लावणं मागा.

सापळे लावण्याच्या आधीपासून एक पथ्य पाळायचं: बाजारातला स्प्रे अजिबात मारू नका. डब्यातले बहुतेक फवारे जलद मारणारे असतात आणि त्यांच्या वासाने व स्पर्शाने झुरळ जेलपासून दूर राहतं. जेलचं काम मात्र झुरळाने ते खाण्यावर अवलंबून आहे. तुम्ही एकदा जरी मारलात तरी कंपनीला गॅरंटी नाकारायचं कारण मिळतं आणि तेही खोटं नसतं. जेलचे ठिपके पुसू नका. खडू, पावडर काही नको. आधी मारला असेल तर पत्रात तारखेसह लिहून टाका. टेक्निशियनला ते कपाट उघडल्याबरोबर कळतं.

आता गंमत पाहा. आपल्या उदाहरणात २५ एप्रिलला कंपनीच्याच माणसाने जेलवर फवारलं. बहुतेक जेलच्या लेबलवर लिहिलेलं असतं की जेल लावलेल्या जागी दुसरं कीटकनाशक फवारू नये. तेव्हा तुमच्या हातून होऊ नये म्हणून ज्या गोष्टीची ताकीद दिली जाते, ती त्यांनीच केली. फोनवरच्या तक्रारींवर दहा मिनिटांच्या फवाऱ्याची भेट पाठवणं ही या धंद्यातली वाईट सवय आहे. ग्राहकाला वास येतो, काही झुरळं समोर उलथी पडतात, सही मिळते. पण उरलेलं जेल त्याने निकामी होतं. ही बाब पत्रात यायलाच हवी.

कागदांकडे वळू. तुमच्याकडे पावती किंवा गॅरंटी कार्ड आणि प्रत्येक भेटीची सर्व्हिस स्लिप असते. गॅरंटीचं वाक्य शब्दशः वाचा. ‘कालावधीत झुरळांचा प्रादुर्भाव आढळल्यास विनामूल्य सेवा’ असं असेल तर फेरकामाचा हक्क सरळ आहे. परताव्याचा उल्लेख बहुतेक कार्डांवर नसतो. म्हणून पहिल्याच ओळीत पैसे मागितले की कंपनी ‘गॅरंटीत परतावा नाही’ एवढ्या एका वाक्यावर सुटते. परताव्याची मागणी कमजोर नाही, फक्त तिची पाळी नंतर येते: नीट फेरकामाची संधी देऊनही काम झालं नाही, किंवा कंपनीने संधी घेतलीच नाही, की मग ज्या कामासाठी पैसे घेतले ते झालंच नाही असं म्हणता येतं. पत्रात दोन्ही लिहा, पण या क्रमाने.

तुमच्याकडे गॅरंटी आहे की वार्षिक करार, हेही बघा. करारात ठरलेल्या भेटी मोजून दिल्या की कंपनी मोकळी होते, असा तिचा समज असतो. गॅरंटी परिणामाची असते. दोन्ही असतील तर गॅरंटीच्या वाक्यावर बोट ठेवा.

स्लिपवर औषधाचं नाव आणि त्यातला घटक लिहिलेला असायला हवा. नसेल तर पत्रातून मागा. याचं कारण निव्वळ कागदोपत्री नाही. एकाच घटकाचं जेल त्याच घरात वारंवार वापरलं की जगलेल्या झुरळांची पुढची पिढी त्याला कमी दाद देते. काही झुरळं तर औषधाला नव्हे, जेलमधल्या गोडीलाच नाकारतात. अशा झुरळांची नोंद संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये त्यामागचं कारणही सापडलं: त्यांच्या तोंडातल्या ज्या पेशींना कडू चव कळते, त्याच ग्लुकोजनेही चेतवल्या जातात. त्यांना साखर कडू लागते, म्हणून ती ठिपक्याला तोंड लावून मागे फिरतात. जेलचे ठिपके जागच्या जागी, न कुरतडलेले आणि आजूबाजूला झुरळं हिंडताहेत असं दिसलं तर ही शंका घ्यायला हरकत नाही. मात्र ठिपके वाळून कडक झालेत का हेही पाहा, गॅसजवळ ते लवकर वाळतात. ठिपके कुठे लावलेत याचाही फोटो काढा. बिजागरीत, फटीत, ड्रॉवरच्या रुळाशी मसुराएवढे बरेच ठिपके हवेत. कपाटाच्या मधोमध दोन मोठे गोळे दिसले तर ते काम घाईत झालेलं आहे.

म्हणूनच नुसतं ‘फुकट फेरकाम द्या’ असं लिहू नका. तेच जेल, तीच घाई आणि पुन्हा एक सही, एवढंच फुकटात मिळेल. फेरकाम कसं हवं ते पत्रातच सांगा.

उदाहरणातल्या घराचं पत्र असं होईल. कंसातले तपशील आपले घालावेत.

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(कंपनीचं नाव व पत्ता)

दिनांक: २८ मे

विषय: लेखी गॅरंटीच्या कालावधीत झुरळ नियंत्रण निष्फळ ठरल्याबाबत, विनामूल्य फेरउपचार, अन्यथा रकमेचा परतावा
संदर्भ: पावती क्रमांक (…), दिनांक १ मार्च, गॅरंटी ३१ ऑगस्टपर्यंत

महोदय,

आपल्या कंपनीने १ मार्च रोजी माझ्या घरी झुरळ नियंत्रणासाठी जेल उपचार केला. त्याची पूर्ण रक्कम मी त्याच दिवशी दिली आहे. आपल्या गॅरंटी कार्डावर पुढील वाक्य आहे: (वाक्य जसंच्या तसं लिहावं).

एप्रिलच्या मध्यापासून सिंकखाली पिल्लं दिसू लागल्यावर मी दूरध्वनीवरून तक्रार नोंदवली (तक्रार क्रमांक …). २५ एप्रिल रोजी आपला टेक्निशियन आला. त्याने पाहणी किंवा नवे जेल न लावता ओट्याखाली आणि ट्रॉल्यांमध्ये, म्हणजे आधीचे जेल लावलेल्या जागीच, फवारणी केली. त्यानंतरही प्रादुर्भाव थांबलेला नाही.

२४ ते २७ मे या काळात लावलेल्या चिकट सापळ्यांमध्ये सिंकखाली १९ झुरळं (१५ पिल्लं, ४ प्रौढ, त्यांपैकी एक मादी अंड्यांच्या डबीसह) आणि फ्रिजमागे ७ पिल्लं आढळली. बाहेरच्या दाराजवळचा सापळा रिकामा होता. तारीख व जागा दिसणारी छायाचित्रं सोबत जोडली आहेत. सापळ्यांतील अनेक पिल्लं सुमारे तीन मिलिमीटरची आहेत. उपचाराला बारा आठवडे झाले असल्याने ती उपचारापूर्वीच्या अंड्यांतून आलेली असू शकत नाहीत. उपचारानंतरही घरात प्रजनन चालू राहिल्याचं यावरून दिसतं. या काळात मी घरात दुसरं कोणतंही कीटकनाशक वापरलेलं नाही आणि जेल पुसलेलं नाही.

तरी गॅरंटीनुसार माझी मागणी अशी आहे की, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपल्या पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष पाहणी करावी आणि पंधरा दिवसांत विनामूल्य फेरउपचार करावा. फेरउपचारात आधीपेक्षा वेगळा सक्रिय घटक असलेलं जेल वापरावं, जेलच्या जागी फवारणी करू नये, दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी भेट द्यावी आणि गॅरंटीचा कालावधी फेरउपचाराच्या तारखेपासून नव्याने मोजावा. १ मार्च आणि २५ एप्रिल या दोन्ही दिवशी वापरलेल्या औषधांची नावं व सक्रिय घटक लेखी कळवावेत.

वरील मुदतीत फेरउपचार न झाल्यास, किंवा दोन भेटींनंतरही पिल्लं आढळत राहिल्यास, भरलेली रक्कम परत करावी. तसं न झाल्यास ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाद मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

आपला/आपली,
(नाव, पत्ता, दूरध्वनी)
सोबत: पावती, गॅरंटी कार्ड, सर्व्हिस स्लिप यांच्या प्रती, छायाचित्रं

पत्र एवढंच. मनस्ताप, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर झालेली शोभा, हे सगळं खरं असतं, पण इथे नको. ते आलं की वाचणारा माणूस उत्तर त्याच भागाला देतो: ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’, आणि विषय संपला. सोशल मीडियावर बदनामी करण्याची धमकीही नको. तिने घाबरून माणूस पाठवतील, पण पर्यवेक्षक नाही पाठवणार.

ईमेल आणि पोच मिळणारं टपाल, दोन्हीने पाठवा. मूळ कागद हातचे सोडू नका. फोन आला तर बोला, मात्र नंतर ‘आज झालेल्या बोलण्यानुसार आपण अमुक तारखेला येणार आहात’ असा दोन ओळींचा मेल टाका.

फेरकामाच्या दिवशी माणूस आल्यावर औषधाची ट्यूब दाखवायला सांगा आणि लेबलचा फोटो घ्या. सक्रिय घटक आधीचाच असेल तर नाव वेगळं असूनही उपयोग नाही. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, इंडॉक्साकार्ब हे जेलमधले नेहमीचे घटक आहेत. आधी यातला एक वापरला असेल तर आता दुसरा हवा. सोबत पिल्लांची वाढ रोखणारं औषध द्यायला कंपनी तयार झाली तर घ्या. ते कुणाला मारत नाही, पण पिल्लं वयात आली तरी त्यांची वीण खुंटते. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर जेल त्यांचा हात किंवा तोंड पोचणार नाही अशा फटींतच लावून घ्या.

स्लिपवर सही मागतील. छापील ओळ बहुधा ‘काम समाधानकारक झाले’ अशी असते. ती खोडून ‘काम केले, परिणाम तपासायचा आहे’ असं लिहून सही करा आणि फोटो घ्या. त्या दिवशी परिणाम कुणालाच माहीत नसतो, टेक्निशियनलाही नाही, तेव्हा तो सहसा हरकत घेत नाही.

यानंतर कंपन्या कधी कधी मधला मार्ग सुचवतात: अर्धी रक्कम परत, गॅरंटी संपली. उरलेल्या काळात दुसऱ्या कंपनीकडून काम करून घ्यायचं मनात असेल तर हा सौदा वाईट नाही. दुसऱ्या कंपनीला मात्र आधी कोणतं जेल वापरलं ते सांगा. ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही पैसे खात्यात आल्यावरच करा. पैसे यायच्या आत दुसऱ्या कंपनीला घरात घेतलं तर आधीची कंपनी लगेच म्हणेल की उपचारात तिसऱ्याने हात घातला. तेव्हा धीर धरावा लागतो, आणि त्या काळात तीच चिकट सापळ्यांची पद्धत चालू ठेवायची.

फेरकामानंतर तीन आठवड्यांनी त्याच जागांवर, तेवढ्याच रात्री सापळे लावा. मोठी झुरळं नाहीत आणि पिल्लं थोडी, तर काम लागू पडतंय; दुसऱ्या भेटीची वाट पाहा. दुसऱ्या भेटीनंतर सहा आठवड्यांनीही तीन मिलिमीटरची पिल्लं आली तर दुसरं पत्र पाठवा. ते अर्ध्या पानाचंच असतं: पहिल्या पत्राचा संदर्भ, दोन्ही वेळच्या सापळ्यांचे आकडे शेजारीशेजारी, आणि आता फक्त परतावा. त्यावरही उत्तर आलं नाही तर हीच दोन पत्रं आणि फोटो तुमच्याकडच्या ग्राहक तक्रार यंत्रणेकडे द्यायचे. कीटकनाशक फवारणीसाठी जिथे सरकारी परवाना लागतो, तिथे परवाना देणाऱ्या खात्याला एक प्रत पाठवा. कंपनीचा परवाना क्रमांक पावतीवर असतो. नसेल तर तेही तक्रारीत लिहा.